रोजची भेट

सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावी नात माझ्यापाशी राहते. तिचे मायबाप नागपूरला कारखान्यात कामाला, तिथं मोबाईल फाटकावरच ठेवावा लागतो. म्हणून शाळेचं पोर्टल पाहायचं काम मुलानं माझ्यावर सोपवलं. हजेरी, गृहपाठ, फीची नोटीस, सगळं त्यातच येतं, आणि तेही इंग्रजीत.

"बाबा, जमंल ना तुमाले? नाई जमलं तर जूनपासून पोरीले इकडंच आणतो," तो म्हणाला.

"मले शिकवू नको," म्हटलं. चौथी शिकलेला माणूस मी, मराठी वाचतो. पानाच्या वर मराठी करायचं बटण दिसलं, ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी नात शाळेत गेल्यावर पाहतो तर तिच्या नावापुढं लिहिलेलं, 'आज: भेट.'

शाळेनं बोलावलं म्हणजे जायलाच पाहिजे. धुतलेलं धोतर नेसलो, सायकल काढली. वर्गाच्या मॅडम जरा गडबडल्या, पण नात कशी वाचते, घरून काय करून आणायचं, सारं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'भेट'. पुन्हा गेलो. चौथ्या दिवशी चपराशी हसत म्हणाला, "बाबाजी, नोकरी लागली का इथं?"

मॅडमनीही विचारलं, "आजोबा, रोज काहून येता?"

मला राग आला. "तुमीच बोलावता अन् तुमीच पुसता? हे पाहा!"

मॅडमनी मोबाईल पाहिला आणि तोंडाला पदर लावला. मुळात इंग्रजीत 'प्रेझेंट' लिहिलेलं होतं. प्रेझेंट म्हणजे हजर, आणि प्रेझेंट म्हणजे भेटवस्तूही. मशीननं भेटवस्तू धरली, मी गाठभेट धरली.

"मराठी बंद करा. पहिलं अक्षर P दिसलं की पोरगी हजर, A दिसलं की गैरहजर," त्या म्हणाल्या.

"हजर म्हणायले मशीनले काय जड जाते?" मी म्हटलं आणि निघालो.

रस्ताभर एकच धाकधूक. पोरगी बापाला सांगेल, अन् बाप तिला घेऊन जाईल.

रात्री फोन आलाच. पोरीनंच उचलला आणि सगळं सांगून टाकलं.

"बाबा, काय ऐकून राहिलो मी?" मुलगा हसत होता, पण मग गंभीर झाला. "बरं सांगा, या आठवड्यात गृहपाठ काय होता?"

मी धडाधड सांगितलं. सहाचा पाढा, झाडांची पानं चिकटवणं, इंग्रजीची कविता. कवितेत ती कुठं अडते, हेही सांगितलं. फीची नोटीस उद्या पोर्टलवर येणार, तीही मॅडमच्याच तोंडून कळलेली.

पलीकडं सूनही ऐकत होती. ती म्हणाली, "राहू द्या पोरीले तिकडंच. आपल्याले एवढं कधी ठाव होतं?"

मराठीचं बटण मी अजून बंद केलं नाही. सकाळी 'भेट' दिसली की समजतो, पोरगी वर्गात बसली. शनिवारी मात्र धोतर नेसून जाऊनच येतो. चपराशी आता खुर्ची पुसून ठेवतो.