लाल गोल कोणाभोवती काढायचा

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या बाईकडे कबड्डीचा न्यायनिवाडा यावा, हे आमच्या खालापुरातच होऊ शकतं.

गावच्या संघाने फायनल एका गुणाने घालवली होती. शेवटच्या चढाईत डाव्या कोपऱ्यातल्या पोराच्या हातून पकड सुटली, म्हणून तालुक्याच्या स्पर्धेतून त्याला वगळायचं ठरल्यातच जमा होतं. फक्त मीटिंगमध्ये दाखवायला पुरावा हवा होता. मंडळाचे सेक्रेटरी काका मोबाईलवरचं शूटिंग घेऊन आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

“हितं थांबव. ह्याच्याभवती लाल गोल मार. मोठा मार, मागच्यांना दिसला पायजे.”

सवयीने आधी नवरा-नवरीचा बदामच आला. काका करवादले, “बाय, वरात नाय काढायची त्याची!”

मग गोल बसला, बाणही लागला. थांबवलेल्या चित्रात पोरगा पालथा पडलेला, एकटा, आणि चढाईवाल्याचा हात मध्यरेषेवर. लाल गोलात कुणीही गुन्हेगारच दिसतो म्हणा. पण हा एकटा कसा? कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्याने लगेच अंगावर झेप घ्यायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी एकेक फ्रेम मागे सरकवायला लागले.

“मागं कशाला जातेस? पुढं चल ना!”

मागे घोटा पक्का धरलेला होता. शेजारच्याने मात्र साखळीतला हात सोडून, पुढे यायच्या ऐवजी, चक्क मागे पाय घेतला होता. शेजारचा म्हणजे संघाचा कॅप्टन, काकांचा सख्खा पुतण्या.

काका स्क्रीनकडे वाकले. म्हणाले, “तो अंदाज घेत होता.”

माझं डोकंच फिरलं. “मग अंदाजालाही एक बाण लावते. क्लिप दोन्ही ठिकाणी थांबवीन, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जा.”

मीटिंग संध्याकाळीच होती, दुसरीकडे जायला वेळ कुठला? “एवढं बारीक कोण बघतंय,” असं पुटपुटत त्यांनी क्लिप नेली.

मीही गेले, राहवलं नाही. समाजमंदिराच्या भिंतीवर आधी कॅप्टनचा मागे जाणारा पाय थांबला, त्याच्या बाजूला हिरवा बाण. मग कोपऱ्यातला पोरगा, लाल गोलात. सगळ्यांनी बारीकच बघितलं. कॅप्टन चपला शोधायला लागला.

काका खाकरले. “जाऊं द्या रं. खेळ म्हटला की व्हायचंच असं. कुणाची चूक काढायची नाय. दोघंपण टीममदी ऱ्हातील.”

सगळ्यांनी माना हलवल्या. किती मोठं मन! मला हसू येत होतं आणि चीडही.

दाराशी उभा असलेला तो पोरगा तेवढ्यात बोलला, “काका, काल माझ्यामुळं फायनल गेली म्हणून माझ्या आईला भर बाजारात थांबवून बोललात. तवा काय दुसरा खेळ होता?”

प्रोजेक्टर बंद करायला एकदम तिघं-चौघं उठले.