ड़च्या खालचा ठिपका

मराठीत डच्या खाली ठिपका देत नाहीत. आमच्या नंदाखाल गावच्या शाळेत हिंदीच्या बाई तो राहिला की अर्धा गुण कापायच्या. बाबा म्हणायचे, "ठिपक्यानं काय केळी पोसतात?" मलाही तो ठिपका फुकटचाच वाटत आला.

पुढे बोळिंजला एका संस्थेत हरवलेल्या माणसांच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. आश्रमांतून, इस्पितळांतून हिंदीत नोंदी यायच्या: अंगावर कपडे कोणते, खूण काय, माणूस गाव कुठलं सांगतो. घरचे लोक एखादा शब्द टाकून शोधायचे. पण कुणी गाँव लिहायचं, कुणी गांव. कुणी लड़का, कुणी लडका. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की हाती काही लागायचं नाही.

मी नियम लिहिले. ठिपका काढायचा, चंद्रबिंदूचा अनुस्वार करायचा, ह्रस्व-दीर्घ एकच धरायचं, शेवटचे प्रत्यय छाटायचे. लड़का, लड़के, लड़कों, सगळ्यांचं उरायचं 'लडक'.

माझं काम तपासणारी मुलगी उमेळ्याची, जिभेची तिखट. म्हणाली, "काका, लड़कीचंपण लडकच उरतंय. पोरगा शोधायला गेलं की पोरी येतायत. लग्नाची साइट काढलीत का?"

"येऊ देत. जास्तीचे डोळ्यांनी वगळता येतात."

"आणि जुन्या नोंदी? त्यांची सूची परत बनवायला हवी ना?"

बरोबर विचारलं होतं तिनं. यंत्र शोधताना नोंदी वाचत नाही, आधी बनवून ठेवलेल्या शब्दांच्या सूचीत बघतं. म्हणून जे नियम शोधणाऱ्याच्या शब्दाला, तेच सूचीतल्या शब्दांनाही लागावे लागतात. शोधणाऱ्याच्या शब्दाला आणि नव्या नोंदींना ते आपोआप लागत होते. जुन्यांसाठी सूची नव्यानं बनवायची, तर साइट काही वेळ बंद ठेवावी लागणार होती. मी म्हटलं, "बघू पुढच्या आठवड्यात." वरिष्ठांना नव्या नोंदींवर करून दाखवलं. कसंही लिहा, सापडत होतं. पाठ थोपटली गेली. पुढचा आठवडा पुढेच जात राहिला.

एक माणूस त्याच दिवसांत यायला लागला. नालासोपाऱ्यात लाद्या बसवायचा. धाकटा भाऊ डोक्यानं अधू, बाजारातून चुकला होता. भावाला कुणी नाव विचारलं की तो फक्त गावाचं नाव सांगायचा. म्हणून हा सिमेंटनं फाटलेल्या बोटांनी फोनवर गावच टाकायचा: बड़ागाँव. ठिपक्यासकट, चंद्रबिंदूसकट.

"कुछ नहीं आता, साहब."

पडद्यावर मीच लिहिलेली ओळ यायची, 'वर्तनी जाँचकर दोबारा खोजें'. मी मान वर न करता म्हणायचो, "स्पेलिंग बदलके देखिए."

तो बदलायचा. बडागाँव, बड़ागांव, बडागांव. बाकावर बसून, ओठ हलवत. माणसाला हेच करावं लागू नये म्हणून तर मी नियम लिहिले होते.

शेवटी त्या मुलीनं माझी वाट न बघता वरिष्ठांकडून परवानगी आणली आणि सूची नव्यानं बनवली. त्यानं शब्द टाकला आणि नोंद आली. जुनी होती. 'नाम नहीं बताता, बड़ागाँव का कहता है.' आम्ही आश्रमात फोन लावला. भाऊ थोड्याच दिवसांपूर्वी तापानं गेला होता. वाट बघून त्यांनीच अग्नी दिला होता.

नोंद पहिल्यापासून तिथंच होती. जुन्या सूचीत शब्द ठिपक्यासकट होता, आणि मी त्याच्या शब्दाचा ठिपका दर वेळी पुसत होतो. त्यानं कसंही लिहिलं असतं तरी ती सापडली नसती. मी काहीच केलं नसतं, तर त्याला पहिल्याच दिवशी सापडली असती.

त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "हम ही ठीक से नहीं लिख पाए."

मी त्याला पाणी दिलं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी जागेवर जाऊन पुढचं काम उघडलं. त्या रविवारी चर्चमध्ये फादरांपुढे गुडघे टेकले, रागलोभाची पापं सांगितली. हे सांगितलं नाही.

बऱ्याच दिवसांनी तो परत आला, चाळीतल्या एका बाईला घेऊन. तिचा नवरा घरी आला नव्हता. बाकावर तो तिला समजावत होता, "भौजी, ड के नीचे बिंदी जरूर देना. हमसे गलती हुई थी. भाई चला गया."

ते मला ऐकवेना. मी उठलो, त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. सूची, ठिपका, पुढचा आठवडा. शिव्या घालेल, गचांडी धरेल असं वाटलं. धरली असती तर बरं झालं असतं.

त्यानं एकच विचारलं, "मतलब, हमने सही लिखा था?"

"हाँ. पहिल्या दिवसापासून."

घाबरून पुढचं मी मराठीतच बोललो होतो. त्याला कळलं. त्यानं भौजीच्या हातातला फोन घेतला, गावाचं नाव टाकलं, या वेळी ठिपका न देता. भावाची नोंद आली. त्यानं ती तिला दाखवली आणि म्हणाला, "जैसे भी लिखो भौजी, अब मिल जाता है."