दिवा लागलेली सायकल

माझा स्वभाव संशयी. तीस वर्षं पलूसला फोटो स्टुडिओ चालवला, लग्नातले हजारो चेहरे खरे-खोटे करून दिले, तेव्हा संशयी झालो नसतो तरच नवल. गोरं करून द्या, पोट आत घ्या, न आलेल्या काकांना मागच्या रांगेत उभं करा. हे सगळं मी केलंय. त्यामुळे कुठलाही फोटो समोर आला की आधी हाच विचार येतो, यात काय लपवलंय?

साताऱ्याच्या एका हौशी मंडळानं सातारा-सांगली मिळून स्पर्धा ठेवली आणि मला परीक्षक केलं. दुसऱ्या परीक्षक साताऱ्याच्या चित्रकला शिकवणाऱ्या बाई. फोटोंना नावं नव्हती, नुसते नंबर. विषय होता, 'घरचं एक काम'.

बहुतेक फोटो चकाचक. महाबळेश्वरच्या धुक्यात स्ट्रॉबेरी खुडणारी बाई, तिची बोटं मात्र मेंदी लावून आलेली. मेंढ्यांमागं फेटेवाला म्हातारा, पाठीमागून सोन्याची किरणं. हा दुसरा फोटो कुणाचा ते मला नंबर असूनही कळलं. माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराची मांडणी मी ओळखणार नाही होय? तोंडातून एक शब्द काढला नाही, पण मार्क सढळ हातानं दिले. हे इथं सांगून टाकतो, नंतर सांगायला जड जाईल.

आणि एक फोटो मोबाईलवर काढलेला. पडवीत स्टँडवर लावलेली जुनी सायकल. सीटवर पोत्याचा तुकडा बांधलेला. जवळ माणूस नाही. मागचं चाक गरगरतंय, आऱ्या पुसट झाल्यात, आणि पुढचा दिवा लागलाय. पांढरा नाही, विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा तांबडा. दिव्यावरून एक तिरपी रेघ गेलेली.

बाई बराच वेळ त्याच्यापुढून हलल्या नाहीत. "बघा ना," त्या म्हणाल्या, "कुणीतरी आत्ताच उठून गेलंय."

"कोण उठून गेलंय? दिवा नंतर चिकटवलाय," मी म्हणालो. "माणूस नसताना चाक कसं फिरेल? ती रेघ बघा. ॲपमधली आहे."

बाईंनी त्याला पैकीच्या पैकी दिले. बेरीज झाली तेव्हा सायकल पहिली आणि मेंढ्या दुसऱ्या. मूळ फाइल बघितल्याशिवाय सही करणार नाही, असं मी मंडळाला सांगितलं. फाइल मागवली तर सायकलचा फोटो काढणाऱ्या मुलानं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणूनच परत पाठवला. तसा पाठवला की तो दाबला जातो आणि कधी काढला, कुठल्या फोननं काढला, शटर किती वेळ उघडं होतं, ही सगळी माहिती गळून जाते. फोन केला तर उचलला, पण पलीकडून नुसता श्वास. चोरच बोलत नाही, असं मी ठरवून टाकलं. मंडळानं दोन दिवसांची मुदत दिली. खोटा निघाला तर नंबर रद्द, आणि तसं त्याच्या शाळेला कळवायचं.

मीच गाडी काढली आणि संध्याकाळी आटपाडीच्या पुढच्या त्यांच्या वस्तीवर पोचलो. मुलगा नववीतला, मान वर करेना. त्याचे आजोबा खाटेवर बसलेले. पूर्वी मेंढरं होती, नंतर दोन म्हशी घेतल्या आणि पहाटे अंधारात सायकलवर किटल्या लावून तालुक्याला दूध घालायचे. आता गुडघे गेलेले.

"बस की रं खाली," आजोबा नातवाला म्हणाले. "पावणं काय खात्यात का तुला?"

मी फोन मागितला. आईचा फोन, काचेला तडा, कॅमेऱ्यावरच्या काचेलाही चरा. गॅलरीत त्या दिवसाचे अकरा फोटो ओळीनं होते. पहिल्यात पायडलवर आजोबांचा हात, दिवा पांढरा. मग हात निम्मा बाहेर. मग हात नाही, दिवा तांबडा. मग दिवा विझलेला. तपशील उघडला, शटर एका सेकंदाचा पंधरावा भाग. एवढा वेळ उघडं राहिलं तर फिरतं चाक पुसट होणारच आणि उभी सायकल साफ येणार. तरी मला पटेना. हलकटपणा म्हणतात तो हाच.

"फोन हलला कसा नाही?" मी विचारलं.

मुलगा उठला. उंबऱ्यावर पेंडीचं पोतं ठेवलं, फोन त्यात रुतवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी फिरवा."

मागचं चाक स्टँडवर अधांतरी. टायरला टेकलेला बाटलीसारखा डायनामो, तिथून एक वायर पुढच्या दिव्याला. मी वाकून पायडल हातानं फिरवलं. डायनामो कुरकुरला आणि पडवीची भिंत उजळली.

"आता सोडा. मागं व्हा."

मी मागं झालो. पायडल थांबलं, चाक फिरतच राहिलं. डायनामोच्या ओढीनं ते मंदावत गेलं, दिवा पिवळा झाला, तांबडा झाला आणि गेला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. पोरानं तोवर तीन-चारदा बोट टेकवलं होतं. स्क्रीनवर तोच तांबडा दिवा आणि वरून तीच तिरपी रेघ. ॲप नाही न बिप नाही, काचेवरचा चरा.

"रोज फिरवता व्हय?" मी आजोबांना विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"रोज. मला आता बसता येत न्हाई. पर न्हाई फिरवलं तर फ्रीव्हील गंजून धरतंय." मग ते माझ्याकडं वळले. "लय लांबनं आलासा. बाकीच्यांच्या घरी बी असंच जाऊन आला व्हय?"

त्यांनी साधंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. मी पुढ्यात आलेला चहाचा कप तोंडाला लावला. मला लाज वाटली. पन्नाशी उलटलेला माणूस नववीतल्या पोराला चोर ठरवायला डिझेल जाळत आलो होतो, आणि का आलो होतो ते फक्त मला ठाऊक होतं.

निघताना मुलाला दाखवलं, फोटो पाठवताना डॉक्युमेंट निवडायचं, म्हणजे फाइल आहे तशी जाते. त्यानं मान हलवली.

पलूसला पोचल्यावर मेंढ्यांचा फोटो काढणाऱ्या माझ्या चेल्याला फोन केला. मूळ फाइल पाठव म्हणालो. "सर, तुम्ही पण?" एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी फाइल आली. मेंढ्या होत्या, म्हातारा होता, आभाळ पांढरंफटक. सोन्याची किरणं कुठंच नव्हती. ती कशी घालायची हे त्याला मीच शिकवलं होतं.

मी बाईंना सगळं सांगितलं, चेल्याचंही आणि माझ्या मार्कांचंही. चेल्याचा नंबर गेला, परीक्षकांतून माझं नाव मीच काढून घेतलं. चेला अजून माझ्याशी बोलत नाही.

बक्षिसाच्या दिवशी मी गेलो नाही. संध्याकाळी मोबाईल वाजला. आटपाडीच्या नंबरवरून एक फोटो, खाली अक्षर नाही. पडवी, सायकल, लखलखीत दिवा आणि पायडलवर माझा हात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता.