राणूच्या तोंडावरचा पिवळा रंग

माझ्या आक्काला आज चार वाजता हर्सूलला अग्नी दिला.
मी नव्हतो.

मी कोइंबतूरहून निघालेल्या गाडीच्या जनरल डब्यात दाराशी बसून हे टाईप करतोय. परवा सकाळी पोचेन. आठवीत शाळा सोडलेला माणूस आहे, चुका सांभाळून घ्या.

आक्काचं हृदय लहानपणापासून कच्चं. डॉक्टर म्हणायचे जपा. ती म्हणायची, "जपायला मला टाईम कुठंय?"

आज सकाळी चहा ठेवला आणि तिथंच बसली. संपलं.

मला सांगायचंय ते कालचं.

काल तिच्या राणूचं पहिलं गॅदरिंग होतं. पहिलीत आहे राणू. औरंगपुऱ्याजवळच्या हॉलमध्ये. सूर्यफूल झाली होती. सगळं तोंड पिवळं, कानाच्या पाळ्यासुद्धा.

आमच्या घरात एक रीत आहे. लेकरू पहिल्यांदा स्टेजवर चढलं की त्याला रंगासकट घरी आणायचं. दारातच थांबवायचं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन सात वेळा ओवाळायच्या आणि तव्यावर टाकायच्या. ठसका आला नाही तर म्हणायचं, लई नजर लागली होती पोराला.

मग घोंगडीवर बसवायचं. घरातल्या प्रत्येकानं आपल्या वापरातली एक वस्तू द्यायची.
पैसे नाय. बाजारातलं नाय.
आपल्या अंगाखांद्यावरचं, खिशातलं, हातातलं.

प्रत्येक वस्तूमागं लेकरानं स्टेजवरचं थोडंसं परत करून दाखवायचं. मामाची वस्तू शेवटी. ती आल्याशिवाय रंग पुसायचा नाय. मग हातावर खोबरेल घेऊन, जुन्या मऊ फडक्यानं तोंड पुसायचं. कपाळापासून खाली, म्हणजे डोळ्यात जात नाही. ते फडकं धुवायचं नाय. त्यातच सगळ्या वस्तू बांधून ट्रंकेत.

माझं गाठोडं आहे अजून. मी तिसरीत मेंढरू झालो होतो. लोकं बघितली आणि स्टेजवरून रडत पळालो. अख्खी शाळा हसली.

घरी आलो तर आक्का दारात मिरच्या घेऊन उभी.

"मी काहीच केलं नाय गं."
"चढलास ना?"
"पळून आलो."
"मग पळून दाखव. बाबा वस्तू देणार हायेत."

मी घरभर पळालो. बाबांनी त्यांच्या मेंढीच्या गळ्यातली घंटी दिली. आईनं तिची सुई. आक्कानं अर्धी झिजलेली पेन्सिल. शेवटी मामानं खिशातला कंगवा. आणि मग तिनंच तोंड पुसलं. "डोळे मीट, दत्या. मीट म्हनते ना."

त्या दिवशी मी हरलोय असं मला घरात कुणी वाटू दिलं नाही. नंतर लई ठिकाणी वाटलं.

राणूसाठी मी गॅदरिंगच्या आधीच गाणं म्हणणारी बाहुली ऑनलाईन मागवून दिली. भारीतली.

आक्काचा फोन आला. "ही कुनाच्या वापरातली रं? कंपनीच्या?"
"मग काय पाठवू? माझा घामाचा गमछा?"
"व्हय. तोच पाठव की."
"तुमची नाटकं घ्या तिकडंच," म्हणालो आणि कट केला.

हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

मी फौंड्रीत असतो. शिफ्टला फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. काल संध्याकाळी बाहेर आलो तर तिचे सहा व्हिडिओ कॉल. आणि एक व्हॉइस मेसेज.

"दत्या, राणू बसलीय घोंगडीवर. हिच्या आजीनं पानसुपारीची चंची दिली. दाजीनं टेस्टर दिलं, वायरिंगच्या कामाचं. मी केसातली क्लिप दिली. प्रत्येकाला फिरून दाखवलं पोरीनं. तुझंच राहिलंय. बाहुली दाखवली तर म्हनती, ही मामाची नाय, दुकानातली हाय. सकाळी फोन कर. काय देनार ते निस्तं सांग, पाठव नंतर. तोवर तोंड धूत नाय म्हनती. मी बी म्हटलं, राहू दे."

मला राग होता अजून. म्हटलं, बघू उद्या.
सकाळी बस पकडायच्या नादात फोन केला नाही.

दहा वाजता सुपरवायझर स्वतः आत आला. दाजीचा फोन त्याच्या नंबरवर आला होता.

एक फोन, बाकी काही नको होतं तिला. "गमछा देतो" एवढं म्हणायचं होतं. तिनं आपल्या हातानं पोरीचं तोंड पुसलं असतं. माझ्यामुळं तेवढं पण झालं नाही.

दुपारी दाजीला म्हणालो, थांबा माझ्यासाठी. रडलो, शिव्या दिल्या. ते म्हणाले, "परवापर्यंत कसं थांबणार, भाऊ?"

आत्ता परत बोललो. हर्सूलहून आल्यावर सगळ्यांनी आंघोळी केल्या. बायका राणूला न्हाणीत घेऊन गेल्या तर तिनं दाराची कडी धरली. "मामाचं राहिलंय, मामाचं राहिलंय." एवढंच ओरडत होती.

शेवटी दाजी आत गेले. मानेपासून खाली पाणी घातलं. तोंड तसंच ठेवलं.

रडून गालावरचा रंग गेलाय म्हणतात. कपाळावर आहे. कानाच्या पाळ्यांवर आहे.

हर्सूलच्या मित्रांनो, घरी जाल तर कुणाला तिचं तोंड पुसू देऊ नका. हात जोडतो. मी येईपर्यंत.

खोबरेल किती घ्यायचं मला माहीत नाही. कधी पुसलं नाही कुणाचं. कपाळापासून खाली, एवढं आठवतं. डोळे मीट म्हणायचं, हे पण.

आक्के, गमछा गळ्यातच आहे.
धुतला नाही.
घेऊन येतोय.

निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत, ये म्हणतात. ये आता तू.