शेवटच्या अण्णांची लेस

डोंगरावर माणसं घेऊन जाणारा पुढारी सगळ्यांच्या पुढे चालतो, अशी माझी बालबोध समजूत होती. आमचे अण्णा सगळ्यात शेवटी चालत. नुसते शेवटी नव्हे, शेवटच्या माणसाच्याही चार पावलं मागे. म्हणून त्यांचं नाव पडलं ‘शेवटचे अण्णा’. मूळचे निपाणीकडचे, होसकोट्याला कारखान्यात सुपरवायझर. मराठी बोलता बोलता कानडीत शिरत आणि आपल्याला कळायच्या आत परत येत. रविवारी बेंगळूरच्या आसपासच्या डोंगरांवर लोकांना न्यायचे. पुढे वाट माहीत असलेली वीणा चालायची, मागे अण्णा. दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची कोवळी मुलगी होते. जयनगरातल्या आमच्या मराठी मंडळाची चिटणीस, त्यामुळे सर्वज्ञ. अण्णांच्या फॉर्मवर ‘गुडघेदुखी आहे का’ असा रकाना होता. मी ठसठशीत ‘नाही’ लिहिलं. गुडघ्याला तेल लावल्याशिवाय मला झोप लागत नसे, पण ते तर घरातलं गुपित! वर ‘लहानपणी आम्ही सिंहगड धावत चढायचो’ असंही बसमध्ये दोनदा सांगून झालं. धावत चढायचा माझा भाऊ. मी पायथ्याशी दही खायची.

शिवाय माझ्या पिशवीत एक शाल, एक नारळ आणि दोन पानी आभारप्रदर्शन होतं. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम शाल-श्रीफळाशिवाय पार पडत नाही. माथ्यावर पोचलो की अण्णांचा सत्कार करायचा, असा माझा बेत. भाषणात ‘आपल्या खंबीर नेतृत्वाखाली आम्ही शिखर सर केले’ हे वाक्य तीनदा होतं.

पायथ्याशी अण्णांनी माणसं मोजली. बावीस. मग म्हणाले, “साडेदहाला जिथं असाल तिथनं मागं फिरायचं. माथा पाच मिनिटांवर असला तरी. नंतर खडक तापतोय.” मी मान डोलावली. नियम इतरांसाठी असतात हे मला चिटणीसपदामुळे माहीत होतं.

चढ सुरू झाला आणि अर्ध्या तासात मी मागून तिसरी, मग दुसरी, मग अण्णांची शेजारीण झाले. माझ्यासोबत मंडळातल्याच नलूताई आणि पोट पुढे असलेले कुलकर्णीकाका. अण्णा मागून हळूच म्हणायचे, “स्वल्प निधान, अक्का.” जरा सावकाश. आणि विचारायचे, “पुरणपोळी कशी करता?” आता पुरणपोळीबद्दल विचारल्यावर मी गप्प बसेन होय? पण “डाळ शिजली की पाणी...” इथवर येऊन मला धाप लागायची, आणि नेमकी तेव्हाच अण्णांच्या बुटाची लेस सुटायची. ते खाली वाकायचे, सावकाश बांधायचे. शेवटच्या माणसानं आपल्या पुढाऱ्याला सोडून जाणं बरं दिसतं का? आम्हीही थांबायचो. कटाचा मसाला घालेपर्यंत लेस चारदा सुटली.

“अण्णा,” मी ठसक्यात म्हटलं, “चिकपेटेत चांगल्या लेसा मिळतात. माझ्यासारखीला तुमच्यासाठी थांबावं लागतंय.”

“सरी अक्का, बरं,” अण्णा म्हणाले. “चुकलंच माझं.”

त्यांचा आणखी एक हट्ट होता. पुढचे लोक सावलीत बसून गप्पा मारत. आम्ही तिघं घामाघूम पोचलो की ते ताजेतवाने होऊन उठत. म्हणजे विश्रांती त्यांची आणि चालणं आमचं! अण्णांनी एक शिट्टी मारली. “शेवटचा माणूस बसल्यावर पाच मिनिटं मोजायची. तवर कुणी उठायचं न्हाई.” पुढच्या घोळक्यातले सहस्रबुद्धे पुटपुटले, “अशानं माथा कधी येणार?” अण्णा म्हणाले, “माथा कुठं जातोय? बसा की.”

दहाच्या सुमारास माझ्या डोळ्यांपुढे खडक हलायला लागला. अण्णांनी मला सावलीत बसवलं, वीणाला फोन करून बाकीच्यांना पुढे न्यायला सांगितलं, आणि मला विचारलं, “सकाळपासनं पाणी किती प्यालात?”

“भरपूर.”

“बाटली तर भरलेलीच हाय.”

मी नलूताईंकडे बघितलं. त्यांनी खाली बघितलं. डोंगरावर बायकांसाठी सोय नसते, म्हणून आम्ही दोघींनी पहाटेपासून घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. इतकी वर्षं प्रवासात हेच करत आलो. अण्णांना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी पिशवीतून जुनी चादर काढली, एक टोक झुडपाला बांधलं, दुसरं नलूताईंच्या हातात दिलं. “ही त्यासाठीच आणतो. आता प्या. घोट घोट, गटागटा नको.” मीठ-साखर-लिंबाचं पाणी होतं. मग म्हणाले, “पिशवीत काय एवढं जड?”

नारळ निघाला. अण्णांनी तो खडकावर आपटला, पाणी पेल्यात धरलं आणि मला पाजलं. खोबरं कुलकर्णीकाकांनी खाल्लं. अण्णांचा सत्कार असा आमच्या पोटात गेला. पुढे यथावकाश चादर कामी आली तेव्हा अण्णा आणि काका पाठ फिरवून दरीकडे इतक्या गंभीरपणे बघत राहिले, की नलूताईंना हसू आवरेना.

मला हुशारी आली. वर माथ्यावर आपली माणसं दिसत होती, हात करत होती. घड्याळात साडेदहा.

“पंधरा मिनिटांत पोचते,” मी म्हटलं.

“न्हाई अक्का.”

“अहो, मी चिटणीस आहे! माझ्यावाचून वर कार्यक्रम कसा होणार?”

“चढताना गुडघा गप्प बसतोय. उतरताना बोलतोय. तुमचा आधीच बोलायलाय. फॉर्मवर न्हाई म्हणून लिवलंय तुम्ही, पण तासभर मी मागनंच बघतोय की.”

मला रडू आलं. छप्पन्नाव्या वर्षी, माथा पंधरा मिनिटांवर असताना. अण्णांनी समजूत घातली नाही. सत्काराची शाल घडी करून माझ्या गुडघ्याला बांधली, काठी दिली, आणि इतका वेळ मागे चालणारा माणूस माझ्यापुढे आला. उतारावर ते माझ्या एक पायरी खाली उभे राहत. मी तिरकं पाऊल टाकी, खांद्यावर हात ठेवी, की ते पुढची पायरी घेत.

असं उतरताना माझी नजर त्यांच्या बुटांवरच होती. तेव्हा दिसलं. लेसेला दुहेरी गाठ, आणि गाठीवर कधीचा तरी लाल चिखल वाळून घट्ट झालेला. ती गाठ त्या दिवशी काय, त्या महिन्यातही सुटली नव्हती.

सकाळपासून लेस किती वेळा सुटली, ते मी मनात मोजत उतरले.

खाली बसपाशी सगळे जमले. अण्णांनी पुन्हा माणसं मोजली. बावीस. सहस्रबुद्धे म्हणाले, “चिटणीसबाई, आभारप्रदर्शन!” मी दोन पानं काढली. शिखर मी सर केलं नव्हतं, नारळ संपला होता, शाल गुडघ्याला होती. पानं मिटली आणि म्हटलं, “अण्णा, आज तुमची लेस अकरा वेळा सुटली. अकराही वेळांबद्दल मी आभारी आहे.”

कुणाला काही कळलं नाही. अण्णा मात्र कानापर्यंत लाल झाले.

पुढच्या आठवड्यात चिकपेटेतून मी त्यांना लेसांची जोडी आणून दिली. त्यांच्याबरोबर आणखी पाच डोंगर चढले, फॉर्मवर खरं लिहून. दोन माथे गाठले.

आता मी एकाहत्तर. अण्णांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. निवृत्तीनंतर ते जयनगरात मुलीकडे राहतात, संध्याकाळी बागेत भेटतात. काठी टेकत चालतात आणि थकले तर सांगत नाहीत. त्यांच्या चार पावलं मागे मी असते. परवा तिसऱ्या फेरीला त्यांचा श्वास जड झाला, तशी मी खाली वाकले आणि पायाशी खटपट करत बसले. अण्णा थांबले, कठड्याला टेकले, दम खाल्ला. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले,

“अक्का, चपलेला लेस कुठली?”

“बसा की,” मी म्हटलं. “पुरणपोळी कशी करतात ते सांगा.”