एसच्या जागी झेड

माझ्या मोठ्या बहिणीला, आमच्या बायला, विलायतेतल्या एका इस्पितळात नर्सची जागा मिळाली. सगळी वाडी भेटून गेली, आणि अडलं कुठे म्हणाल, तर जन्मदाखल्यावर! राहायचो आम्ही गिरगावात, पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आई वसईला गेलेली. तिथली नोंद मराठीत. पप्पांनी धोबीतलावच्या एका ऑफिसातून तिचं इंग्रजी भाषांतर करून आणलं. भाषांतर खरं असल्याची शपथ मॅजिस्ट्रेटसमोर घेतलेली, खाली गोल शिक्का. त्या शिक्क्यावर आम्ही असे खूष झालो की वरचा मजकूर वाचायचं कुणाला सुचलंच नाही.

तो वाचला इस्पितळाने. नाव आणि तारीख पासपोर्टशी जुळत नाहीत, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त दाखला पाठवा, नाहीतर जागा दुसरीला देऊ, असं पत्र आलं. आम्ही आडनावाच्या शेवटी एस लावतो, भाषांतर करणाऱ्यांनी झेड लावला होता. आणि मूळ नोंदीतला नऊ त्यांना एक वाटला होता.

पप्पा मला घेऊन तडक त्या ऑफिसात गेले. मी रागाने धुमसत होतो. भाषांतर करणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी भिंग लावून मूळ नोंद पाहिली आणि नऊच आहे, आपली चूक झाली, असं कबूल केलं. आडनाव मराठीत दोन्ही स्पेलिंगांचं एकच दिसतं, चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला आणा, त्याप्रमाणे लिहितो, म्हणाले. पप्पांनी तो खिशातच आणला होता. मला हायसं वाटलं. आता पेनाने एक अक्षर आणि एक आकडा, झालं काम!

"शिक्का बसलेल्या कागदावर मला खाडाखोड करता येत नाही," ते म्हणाले. "नवीन टाइप करायचं, पुन्हा शपथ घ्यायची."

टाइप त्यांनी लगेच केलं. शपथ मात्र राहिली. दुसऱ्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं. गोळीबार, कर्फ्यू, कोर्ट बंद. मुंबई आपलीच, म्हणून मीसुद्धा मोर्च्यात घसा फोडला होता. आता खिडकीत बसून मनात म्हणत होतो, देवा, एक तास कोर्ट उघडू दे. चीड तरी कुणावर काढायची? पप्पा रोज कोपऱ्यापर्यंत जात आणि पोलिसांनी हटकलं की परत येत.

कोर्ट उघडलं त्या दिवशीच दाखला झाला. एअरमेलने पाठवलाही. उत्तर तितक्याच तत्परतेने आलं: कागद बिनचूक आहेत, जागा भरली आहे.

पप्पा पुटपुटत राहिले की पुन्हा अर्ज करू. बायने पत्राची घडी घातली.

"माझ्या जागी जी गेली ना," ती म्हणाली, "तिचं नाव कुणीतरी पहिल्याच खेपेला नीट लिहिलं असेल."