बटन फुल करून टाक

नितेश तायडेचं राजापेठेतलं दुकान इतकं लहान की दोन खुर्च्या टाकल्या तर तिसऱ्या माणसाला रस्त्यावरच उभं राहून बोलावं लागे. उन्हाळ्यात तो कूलर दुरुस्त करायचा आणि थंडी पडली की गिझर. मूळचा तो अकोल्याचा. तिथंच आयटीआय केलं, काही वर्षं मोटारींचं वायंडिंग केलं, आणि रागिणीशी लग्न झाल्यावर तिच्या माहेरच्या गावात, अमरावतीत, हा गाळा घेतला. हाताला चांगला होता आणि बोलायलाही. गिऱ्हाईक गिझर घेऊन कुरकुरत आलं की तो नुसता दुरुस्त करून देत नसे, समजावून सांगे.

"बोरचं पानी हाय ना तुमचं? मंग सहा महिन्यानं टाकी धुवाची. नळाचं असन तं वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. क्षार खाली बसते, कॉइलवर चढते. कॉइल तापते, पन ताप पान्यापर्यंत पोचतच नाही. लाईट जळते, पानी कोमटच. आन आतून खडखड आवाज यायला लागला का समजाचं, खाली गाळ लय झाला."

हे तो इतक्यांदा बोलला होता की बोलता बोलता त्याचे हात दुसरंच काम करत असायचे.

अकोल्याच्या घरी आई-बाबा दोघंच होते. बाबा, म्हणजे बुधाजी, कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांतली जाणीव पार गेली होती. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळायचं नाही, मागून कोणीतरी आवाज द्यायचं. थंडीत त्यांना गार पाणी सोसत नाही म्हणून नितेशनं स्वतः नवा गिझर आणून बाथरूमच्या भिंतीवर बसवून दिला होता. घराला पाणी बोरचं. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरायचा, इतकं खारं. हे नितेशला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी गिझर बसवल्यापासून त्याची टाकी एकदाही उघडली गेली नव्हती. दिवाळीत अकोल्याला गेला की दोन दिवस नातेवाइकांत जायचे, आणि परत आलं की दुकानासमोर रांग.

डिसेंबरात आईचा फोन आला. तिचं नाव भागीरथाबाई. फोनवर ती नेहमी मोठ्यानं बोलायची, जणू अमरावतीपर्यंत आवाज तिलाच पोचवायचा आहे.

"नितेश, थो गिझर काही बराबर नाही बाप्पा. पयले चहा होये-होयेस्तोवर पानी गरम होये. आता अर्धा तास झाला तरी कोमटच. आन आतून आवाज येते, कोनी टाकीत गोटे हालवून राह्यल्यासारखा."

नितेशच्या समोर एक बाई उभी होती, तिचा गिझर गळत होता. खांद्यानं फोन कानाशी दाबून तो म्हणाला, "आई, खालचं बटन हाय ना, गोल? थे फुल करून टाक. आन जास्त वेळ चालू ठेव."

"त्यानं होईन?"

"होईन, होईन. मी येतो संक्रांतीपर्यंत."

फोन ठेवताना त्याला क्षणभर खटकलं. त्या बटणानं पाणी लवकर तापत नाही. ते फक्त कुठवर तापायचं एवढंच ठरवतं. हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगत होता. पण समोरची बाई घाईत होती, आणि आईचं समाधान झालं होतं. त्यानं विचार झटकून टाकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्याचा फोन आला. पार्बताबाई बाबांची थोरली बहीण, शेजारच्याच गल्लीत राहायची. "तुह्या बापाचा पाय भाजला. दवाखान्यात हाय. ये लवकर."

बडनेरा स्टेशनावर मिळाली ती गाडी पकडून तो अकोल्याला पोचला. दवाखान्यात बाबा उशीला टेकून बसले होते, उजव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी. चेहऱ्यावर वेदना नव्हती, तेच बघवत नव्हतं. आई पायथ्याशी स्टुलावर बसलेली. नितेशला बघून ती उठली नाही.

काय झालं ते आत्यानंच सांगितलं. कित्येक दिवस गिझरमधून कोमटच पाणी येत होतं, म्हणून आईनं त्यात गार पाणी मिसळणंच सोडून दिलं होतं. बाबांना स्टुलावर बसवायचं, पाय टबात ठेवायचे आणि नळ सोडायचा, अशी सवय पडली होती. त्या दिवशी तिनं गिझर बराच वेळ चालू ठेवला. मग नेहमीसारखा नळ सोडून ती टॉवेल आणायला गेली. परत आली तर टबातून वाफ निघत होती आणि बाबा शांत बसून भिंतीकडे पाहत होते.

"आता सांग," आत्या म्हणाली, "पान्यात हात घालून तं पाहाव ना बाईनं! साखरेचा मानूस हाय, त्याले काय समजते?"

 आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.  नितेशनं बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी गेला आणि बाथरूममध्ये शिरला. गिझरचं बटण शेवटच्या खुणेवर होतं. त्यानं मेनमधून वीज बंद केली, पाणी आत जाणारा कॉक आवळला, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. टाकी गार झाल्यावर खालची नळी सोडली. पाणी सुरुवातीला बरं आलं, मग गढूळ पांढरं, मग थांबत थांबत, कारण आतला गाळच वाट अडवत होता. खालचं झाकण काढून त्यानं कॉइलची प्लेट सोडवली तेव्हा बादलीत भसकन् लगदा पडला. पेजेसारखा, मध्ये अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे. टाकीचा खालचा भाग भरून गेला होता. म्हणजे तेवढं पाणी मावतच नव्हतं. कॉइल तर ओळखू येईना. तिच्यावर बोटभर जाड पांढरी साल चढली होती.

आणि थर्मोस्टॅटच्या नळीवरही तोच थर. नितेश ती हातात धरून उकिडवा बसून राहिला. पाणी किती तापलं हे या नळीला कळायला हवं. तिच्यावरच असा लेप बसला तर तिला उशिरा कळणार, आणि तोवर पाणी बटणाच्या खुणेच्याही पुढे जाणार. खूण तर त्यानंच शेवटची लावायला सांगितली होती. आईनं पाण्यात हात घातला नाही हे खरं. पण पाणी इतकं तापलं कसं, हे त्या घरात एकट्या त्यालाच माहीत होतं.

त्यानं काम केलं. लिंबूसताच्या पाण्यात कॉइल बुडवून ठेवली, ती फसफसायला लागली. टाकीत हात घालून कापडानं आणि प्लास्टिकच्या ब्रशनं आतला थर काढला. पेचकसानं खरवडायचं नाही, आतलं काचेसारखं अस्तर तडकलं तर टाकी गंजते. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजून नुसती तार उरली होती, ती बदलली. झाकणाला नवा रबर, नवा थर्मोस्टॅट. टाकी पुन्हा भरली, नळातून हवेचे फटके थांबून सलग धार येईपर्यंत वाट पाहिली, तेव्हाच वीज दिली. बटण मध्यावर ठेवलं. पाणी लवकर तापलं, आणि टाकी अगदी चूप होती.

आत्या दारात येऊन म्हणाली, "झाला चांगला? पाहाय बरं, पोरानं किती मेहनत केली. बुधाजीची बायको तेवढी जपून असती तं…"

आई स्वयंपाकघरात दवाखान्याचा डबा भरत होती. तिनं ऐकलं. चमचा भांड्यावर जरा जोरात आपटला, एवढंच. नितेशला वाटलं, आत्ता बोलावं. पण आत्या डब्याची पिशवी उचलून निघालीही, आणि तो हात धुत राहिला. धुतलेले हात पुन्हा धुतले.

जखम भरेना. एक बोट काळं पडलं आणि डॉक्टरांनी ते काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या दिवशी रागिणीही अमरावतीहून आली. बाकावर सगळे बसले होते. आत्या कोणाला तरी फोनवर तीच गोष्ट सांगत होती, तेच वाक्य, पान्यात हात घालून तं पाहाव ना. आईची मान इतकी खाली गेली होती की तिचा चेहरा दिसत नव्हता.

नितेश उभा राहिला. "आत्या, फोन ठेव." आत्यानं ठेवला. "आईनं मले फोन केला होता. गिझर बिघडला म्हनून. मी तिले सांगतलं, बटन फुल कर, जास्त वेळ ठेव. तिनं तेच केलं. टाकीत क्षार होता, मले समजाले पाह्यजे होतं. मले समजलंही होतं. मी आलो नाही."

 मग आईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"तुले हे कधीपासून माईत हाय?"

"गिझर उघडला त्या दिवसापासून."

"आन एवढे दिवस तू माह्याकडे पाहून राह्यला?" ती म्हणाली. "मी रातभर माह्या हाताकडे पाहाची रे. याच हातानं नळ सोडला म्हनून."

ती उठून खिडकीपाशी गेली. रागिणीनं मागे जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, आईनं तो बाजूला केला. नितेशला वाटलं होतं की बोललं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते पट्टीकडे बघत म्हणाले, "मले तं काहीच दुखलं नाही. तुमीच सगळे दुखून घेऊन राह्यले." ते हसवायला बोलले असतील, पण हसलं कोणी नाही.

आई बरेच दिवस नितेशशी कामापुरतंच बोलली. जेवण वाढायची, औषधांची नावं सांगायची, फोन बाबांच्या हातात द्यायची. आत्यानं मात्र ती गोष्ट सांगणं सोडलं, निदान घरात तरी.

आता बाबा काठी घेऊन चालतात. नितेश सीझन असो नसो, दर काही महिन्यांनी अकोल्याला जातो आणि टाकी उपसतो. परवा गेला तेव्हा आई बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली. बादलीत पडणारं पांढरं पाणी बघत होती.

"या खेपेला कमी हाय गाळ," तो म्हणाला.

"हाव," ती म्हणाली. मग वळता वळता म्हणाली, "चहा ठेवला हाय. थंडा होऊन राह्यला."

तिनं त्याला असं आपणहून चहाला बोलावून किती महिने झाले होते. हातातला पाना तसाच खाली ठेवून तो तिच्यामागे गेला.